करंजीच्या डब्यातला फोन

एकतीस वर्षं मी ठाण्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. विद्युतचुंबकीय वर्णपटाचा तक्ता मी आजही डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. एका टोकाला रेडिओ लहरी, मग सूक्ष्म लहरी, अवरक्त, मधे आपल्याला दिसणारा प्रकाश, पुढे अतिनील, क्ष-किरण आणि शेवटी गॅमा. दिसणाऱ्या प्रकाशाच्या अलीकडे असतात त्या लहरींत रेणू तोडण्याची ताकद नसते, हे वाक्य मी पोरांकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की काही जणांना ते झोपेतही म्हणता येत असेल. आणि त्याच मी, गेल्या वर्षी मस्कतच्या अझैबा भागातल्या लेकीच्या स्वयंपाकघरात, तिचा मोबाईल करंजीच्या स्टीलच्या डब्यात घालून वर घट्ट झाकण लावलं.

ती पाच महिन्यांची गरोदर होती म्हणून.

आता हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. मीही हसते. पण त्या डब्याच्या मागे एक वाक्य होतं आणि ते मला हसण्यावारी नेता येत नाही. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. तिचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात भाजी निवडत होते. ती रडत होती. काय बोलावं ते मला सुचेना, आणि तोंडून निघून गेलं, "तरी मी किती वेळा सांगितलं होतं, तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसू नकोस." ती फक्त "हं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दोघी सगळ्या विषयांवर बोललो, मस्कतच्या उन्हापासून मुरांब्याच्या पाकापर्यंत. त्या विषयावर मात्र एक अक्षरही नाही. तिनं काढला नाही, आणि मला काढायचं धाडस झालं नाही.

मग या खेपेला बातमी आली आणि मी व्हिजिट व्हिसा काढून, बॅगेत मेतकूट, डिंक आणि रिकामा करंजीचा डबा घेऊन विमानात बसले. मनाशी ठरवलं होतं की तोंड आवरायचं आणि काम करायचं. तोंड आवरलं. काम जरा जास्तच केलं.

आमच्या निवृत्त शिक्षिकांचा एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी फुलांच्या चित्रांबरोबर आरोग्याचे इशारे येतात. मोबाईलनं गर्भाचं काय होतं, मायक्रोवेव्हनं काय होतं, वायफायनं काय होतं. तारीख नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठे तपासलं त्याचा पत्ता नाही. एखाद्या पोरानं प्रयोगवहीत असलं काही लिहून आणलं असतं, तर मी वही त्याच्या बाकावर आपटली असती. पण लेकीच्या पोटावर हात ठेवून वाचलं की सगळं खरं वाटतं. मोबाईलच्या दुष्परिणामांची ही सगळी माहिती मला मोबाईलवरच मिळाली, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

पहिला नंबर लागला मायक्रोवेव्हचा. मी त्याची वायर काढून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर गणपतीची छोटी मूर्ती ठेवली, म्हणजे कोणी सहज हलवणार नाही. लेक म्हणाली, "आई, त्याच्या दारात जाळी असते. लहरी बाहेर येत नाहीत. तूच शिकवलंस मला." मी म्हटलं, "शाळेत शिकवलेलं वेगळं." असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

मग लॅपटॉप. ती घरून एका इंटिरियरवाल्या कंपनीचे नकाशे काढायची, सकाळी सात ते एक, पुन्हा चार ते सहा. लॅपटॉप बंद करा म्हणण्याची सोय नव्हती, आणि मांडी हा शब्द तर मला उच्चारायचाच नव्हता. म्हणून मी एक एप्रन शिवला. जुन्या दुपट्ट्याचे दोन पदर, आणि मधे स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचे चार थर. गळ्यात अडकवायला नाडी. लेकीनं तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता घातला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझी लेक वाद न घालता ऐकते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

एप्रनचा आवाज फार. ती हलली की कुरकुर, वाकली की कुरकुर. एकदा मीटिंगमध्ये तिचा साहेब म्हणाला, "कोणीतरी वेफर्स खातंय, प्लीज म्यूट करा." सगळ्यांनी म्यूट केलं. हिनंही केलं.

जावई दोनशे किलोमीटरवरच्या सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीवर राहायचे, गुरुवारी संध्याकाळी घरी. त्यांनी एप्रन चिमटीत धरून वाजवून बघितला. "आई, आम्ही तिकडे टनांनी काढतो ते तुम्ही इकडे सुनेच्या पोटाला बांधताय."

"सून तुमच्या आईची. माझी लेक आहे," मी म्हटलं.

"बरोबर. मग माझी बायको. खलास, विषय संपला," असं म्हणून ते हसत हसत आंघोळीला गेले. माणूस गमत्या. कशाचाच ताण घेत नाही, असं मी तेव्हा समजत होते.

राहता राहिले वायफाय आणि फोन. लेक दुपारी एक ते चार झोपायची. तेवढा वेळ मी वायफायच्या डबीचं बटण बंद करायची. फोन मात्र तिच्या उशाशी असायचा. कितीदा सांगितलं, लांब ठेव. ती उठून लांब ठेवायची, आणि कोणाचा तरी मेसेज आला की पुन्हा जवळ. शेवटी त्या मंगळवारी तिचा डोळा लागल्यावर मी फोन हळूच उचलला. आता ठेवायचा कुठे? बाहेरच्या खोलीत ठेवला तरी लहरी भिंतीतून येणारच. आणि मग मला माझंच ज्ञान आठवलं, अर्धवट. धातूच्या बंद पेटीत लहरी शिरत नाहीत आणि बाहेरही पडत नाहीत. वर्गात मी हे दाखवायला दरवर्षी रेडिओ घेऊन जायची आणि तो पत्र्याच्या डब्यात टाकून गप्प करायची. पोरं टाळ्या वाजवायची. समोर करंजीचा डबा होता, करंज्या संपून तळाला नुसता चुरा उरलेला. फोन आत, झाकण वर, डबा फडताळात. मग मी स्वतःवर खूश होऊन पेपर वाचत पडले.

पुढचं मला नंतर कळलं. सव्वा वाजता जावयांनी सोहारहून फोन केला. दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती, किती वाजता ते विचारायला. फोन लागेना. पुन्हा केला. लागेना. मेसेज टाकला, तो पोचेना. माझ्या फोनवर टाकला. माझा फोन इंडियाचा, वायफायवर चालणारा, आणि वायफाय मीच बंद केलेलं. तोही पोचेना. गेल्या वेळी लेकीला त्रास सुरू झाला तेव्हाही ते सोहारलाच होते, शिफ्टवर, आणि फोन लॉकरमध्ये होता. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत फरक असतो.

चारच्या सुमाराला दारावर अशा थापा पडल्या की मला वाटलं बिल्डिंगला आग लागली. दार उघडलं तर समोर जावई. अंगावर कारखान्याचे निळे कपडे, पायात ते जडजड बूट, कपाळावर हेल्मेटचा वळ. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "कुठाय?" एवढंच विचारलं आणि सरळ आत गेले.

लेक नुकतीच उठून केस बांधत होती. "तू आज कसा काय?" ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग तिथेच, बुटांसकट, पलंगाला टेकून जमिनीवर बसले. मी पाणी दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं. या माणसाला मी गमत्या म्हणत होते.

"फोन का लागत नाहीये तुझा?" त्यांनी विचारलं.

"इथेच तर होता..." लेक उशी उचलून बघायला लागली. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. वर्गात खिडकीची काच फुटल्यावर जसे सगळे एकाच पोराकडे बघतात, तसे.

मी फडताळातून डबा आणला. झाकण निघेना, इतकं घट्ट बसवलेलं. शेवटी जावयांनी ते चमच्यानं उचकटलं. फोन करंज्यांच्या चुऱ्यानं माखलेला, हाताला चांगला गरम, आणि बॅटरी सकाळी भरलेली ती तळाला. बाहेर काढून मिनिटही झालं नसेल आणि टुंग, टुंग, टुंग. एकामागून एक मेसेज. "कुठे आहेस?" "फोन उचल." "आईंना सांग फोन करायला." "निघालोय." शेवटचा नुसताच, "प्लीज."

"एवढा का तापला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

जावई थकलेल्या आवाजात म्हणाले, "आई, त्याला टॉवर सापडत नाही ना. मग तो जोर लावून हाका मारत बसतो. उघड्यावर ठेवला असता तर निवांत पडून राहिला असता."

मला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम वाटलं. हे मला माहीत होतं! रेंज कमी असेल तर फोन जास्त ताकदीनं लहरी सोडतो. लहरी कमी व्हाव्यात म्हणून केलेल्या उपायानं मी त्या वाढवल्या होत्या. लेकीपर्यंत त्या पोचल्या नसतीलही, पण नापास ती नापासच.

लेकीला हसू फुटलं. करंजी, डबा, चमचा, सगळं आठवून ती इतकी हसली की एप्रन नसतानाही मला तो वाजल्यासारखा वाटला. आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"आई, तुला अजून वाटतं ना? की माझ्यामुळे गेलं ते?"

मला "नाही" म्हणायचं होतं. पण मी गेला महिनाभर फॉइल शिवत होते, रुमाल घालत होते, डबे लावत होते. माझ्या "नाही"ला काय किंमत होती? मी रिकामा ग्लास उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. पळून गेले, असंच म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही क्लिनिकला गेलो. डॉक्टर वसईच्या. गळ्यात बारीक क्रॉस, बोलणं खणखणीत. मला पहिल्याच दिवशी "आंटी" म्हणून मोकळ्या झालेल्या. मी माझी प्रश्नांची यादी वहीत क्रमांक घालून नेली होती. ती बघून त्या म्हणाल्या, "बाप रे आंटी, ही तर प्रश्नपत्रिका आहे. सोडवते. आधी बाळ बघू."

लेक टेबलावर झोपली. त्यांनी जेल लावलं तसं मी विचारलंच, "या मशीनचं रेडिएशन..."

"नसतंच. हा आवाज आहे. कानाला ऐकू न येणारा. वटवाघूळ करतं तसा. तुम्ही सायन्स टीचर ना?"

जावई भिंतीकडे तोंड करून खोकले.

पडद्यावर करड्या धुक्यातून एक पाठीचा कणा दिसला, मोत्यांच्या सरीसारखा. मग हृदयाचे चार कप्पे. डॉक्टर मोजमापं घेत होत्या आणि बोलत होत्या. मायक्रोवेव्हचं दार उघडलं की तो आपोआप बंद होतो, जे काही झिरपतं ते फार थोडं, आणि दोन पावलं लांब गेलात की त्याहून कमी. दार तुटलेलं, वाकलेलं असेल तर वापरू नका, एवढंच. त्यातलं अन्न किरणोत्सारी होत नाही, गरम होतं. "पण ते नीट गरम करा हं. ढवळा, वाफ येऊ द्या. बाईला त्या लहरींनी नाही, अर्धवट गरम केलेल्या शिळ्या चिकननं त्रास होईल." मायक्रोवेव्ह बंद केल्यापासून आदल्या दिवशीची आमटी-भाजी मी गॅसवर "जरा कोमट" करून वाढत होते.

"लॅपटॉप?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"टेबलावर ठेवायचा. मांडी भाजते आणि पाठ धरते म्हणून. रेडिएशन म्हणून नाही."

"आणि मोबाईल? पक्कं?"

इथे त्या थांबल्या. मला ते आवडलं. लगेच उत्तर देणाऱ्या पोरावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. "आंटी, शंभर टक्के पक्कं मी कशालाच म्हणत नाही. पुष्कळ अभ्यास झालेत. फोनच्या लहरींनी पोटातल्या बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांत फोन जास्त वापरणाऱ्या आयांची मुलं थोडी जास्त चंचल दिसली, काहींत नाही दिसली. आणि दिसली तिथेही ते लहरींमुळे, की घरातल्या दुसऱ्या कशामुळे, हे सांगता येत नाही. मनाला बरं वाटत असेल तर इयरफोन लावा, स्पीकरवर बोला. फुकटचा उपाय आहे. पण घाबरून नाही. आणि ते फोनला लावायचे रेडिएशन अडवणारे स्टिकर-बिकर घेऊ नका, उगाच रेंज जाते आणि फोन आणखी जोर लावतो."

"डबे पण नको ना?" लेकीनं टेबलावरूनच विचारलं.

मग काल काय झालं ते तिनं सांगितलं. डॉक्टर डबा ऐकून हसल्या, आणि मग एकदम जावयांकडे वळल्या. "सोहारहून येताना किती वेळा फोन लावला?"

"मोजले नाहीत. सतत लावत होतो."

"गाडी चालवत असताना?"

जावयांनी मान खाली घातली.

"ऐका. माझ्या माहितीत मोबाईलचा सगळ्यात मोठा धोका हा आहे. त्या हायवेवर एकशेवीसनं जाताना एका हातानं नंबर लावणं. त्याला रिसर्च लागत नाही."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी ज्या धोक्याला डब्यात कोंडत होते तो नव्हताच, आणि जो खरा होता तो मीच दोनशे किलोमीटर रस्त्यावर सोडला होता. बाळाला बाप उरला तो केवळ नशिबानं.

वहीतले प्रश्न संपले होते. एकच राहिला होता आणि तो वहीत नव्हता. मी उभी राहिले. शाळेत पोरं उभी राहून विचारायची, त्याची सवय असेल.

"डॉक्टर, हिचं पहिलं... दहाव्या आठवड्यात. तेव्हा ही लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायची. त्यानं?"

पडद्यावर ते छोटं हृदय धडधडत होतं. लेक माझ्याकडे नाही, छताकडे बघत होती.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इतक्या सुरुवातीला जातं तेव्हा पुष्कळदा गुणसूत्रांतच गडबड असते. बीजातच. हिचं नेमकं कशानं गेलं ते मी सांगू शकत नाही. पण लॅपटॉपनं नाही, हे सांगू शकते. हिनं केलेल्या कशानं नाही."

घरी आल्यावर मी मायक्रोवेव्हवरून गणपती काढून देवघरात ठेवला, रुमालाची घडी केली आणि वायर लावली. कालचा भात त्यात घालून, मधे एकदा ढवळून, वाफ येईपर्यंत गरम केला. जेवणं झाली. जावई म्हणाले, "यल्ला, चला, मी निघतो." त्यांना शिफ्ट होती. मी त्यांचा फोन मागून घेतला आणि खाली जाऊन त्यांच्यासमोर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. ते निमूट बसले.

मी वर आले तर लेक जेवणाच्या टेबलावर माझी प्रश्नांची वही आणि दोन पेनं घेऊन बसली होती.

एक सांगायचं राहिलं. माझ्या वर्गात उत्तर चुकलं की बरोबर उत्तर पाच वेळा लिहून दाखवावं लागायचं. सबब चालायची नाही. माझी लेकही त्याच शाळेत होती, त्याच वर्गात, आणि तिलाही कधी सूट मिळाली नव्हती. न्यूटनचा तिसरा नियम तिनं रडत रडत पाच वेळा लिहिला होता, घरी, याच्यासारख्याच एका टेबलावर, आणि मी समोर बसून भाजी निवडत होते.

तिनं कोरं पान उघडून वही माझ्यासमोर सरकवली. निळं पेन मला दिलं, लाल स्वतःकडे ठेवलं.

"पाच वेळा," ती म्हणाली.

मला आधी हसू आलं. मग मी लिहायला बसले. "लॅपटॉपमुळे काही झालं नव्हतं. माझ्या मुलीची काही चूक नव्हती." पहिली ओळ सहज लिहिली गेली. दुसरीला अक्षर वाकडं झालं. तिसरीला मला भाजीची ती टोपली दिसायला लागली, आणि फोनमधून आलेलं ते "हं". चौथ्या ओळीला मी "चूक" या शब्दाशी थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हटलं, "तू किती एकटी होतीस गं तेव्हा." ती म्हणाली, "आधी पूर्ण कर." मी पूर्ण केलं.

तिनं वही फिरवून घेतली. प्रत्येक ओळ बोट लावून वाचली, मी वाचायची तशी. पाचवीच्या शेवटी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि खाली, मी करायची तशीच, तिरपी सही. पान फाडून तिनं हॉस्पिटलच्या फाइलमध्ये सोनोग्राफीच्या चित्रामागे लावलं.

मग तिनं तिचा फोन उचलून लांब सोफ्यावर टाकला, माझ्या सांगण्यावाचून, आणि दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी काय झालं ते मला सुरुवातीपासून सांगायला लागली.